कानाचं कुठं ऐकायचं आणि कुठं नाही

एकदा स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये मी फळ्यावर दोन इंग्रजी वाक्यं लिहिली आणि विचारलं, यातलं चुकीचं कोणतं?

पहिलं: "द लँड वॉज ड्राय, हार्ड अँड हॅड क्रॅक्स एव्हरीव्हेअर."

दुसरं: "द वॉटर ऑफ अवर वेल इज स्वीटर दॅन युवर वेल."

पहिल्यावर लगेच गलका झाला. "सर, ते हॅड मधीच घुसलंय." नियम कुणालाच सांगता आला नाही, पण चूक बरोबर सापडली. दुसऱ्या वाक्यावर मात्र सगळे गप्प. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "याच्यात काय चुकलं? आमच्या विहिरीचं पाणी तुमच्या विहिरीपेक्षा गोड. बरोबर तर हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि दोन्हींतली चूक एकाच जातीची आहे. इंग्रजीत तिला पॅरलेलिझमची चूक म्हणतात, आपण समांतर रचनेची म्हणू. मग एक चूक ऐकताच खटकते आणि दुसरी कानाजवळून निघून जाते, असं का? माझ्या मते याचं कारण इंग्रजीत नाही, आपल्या मराठीत आहे. यादीच्या बाबतीत मराठी आपला कान तयार करून ठेवते. तुलनेच्या बाबतीत तीच मराठी आपल्याला सैल सोडते. लातूरच्या क्लासमध्ये शिकवताना हे कळायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंग्रजी वाक्यं मी इथं देवनागरीत लिहितोय. ती मोठ्यानं वाचा. या प्रकरणात निम्मं काम कानाचं आहे.

आधी हे प्रश्न येतात कसे, तेवढं थोडक्यात. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेत टियर १ ला ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात. त्यातले २५ इंग्रजीचे. बरोबर उत्तराला २ गुण, चुकलं तर ०.५० कापले जातात. सेंटेन्स इम्प्रूव्हमेंटच्या प्रश्नात एक वाक्य देतात, त्यातला एक भाग अधोरेखित असतो आणि त्या भागाच्या जागी काय चांगलं बसेल ते चार पर्यायांतून निवडायचं असतं. त्यातला एक पर्याय बहुधा "नो इम्प्रूव्हमेंट" असतो, म्हणजे आहे तेच ठीक आहे. या पर्यायामुळेच आपल्याला न खटकलेली चूक महागात पडते. खटकलंच नाही तर माणूस निवांतपणे "नो इम्प्रूव्हमेंट"वर टिचकी मारतो आणि पुढं जातो. आपण चुकलो हे त्याला निकालापर्यंत कळत नाही.

आता यादी. भिंतीवरच्या खुंटीला तीन पिशव्या अडकवल्यात असं समजा. पिशव्या वेगळ्या असल्या तरी प्रत्येकीला त्या खुंटीत बसेल असा बंद हवा. "द लँड वॉज" ही खुंटी आहे. तिला एकेक पिशवी अडकवून बघू. "द लँड वॉज ड्राय", बसली. "द लँड वॉज हार्ड", बसली. "द लँड वॉज हॅड क्रॅक्स", पडली. यादीतल्या प्रत्येक पदाला खुंटीसकट स्वतंत्र वाक्य करून वाचायचं, एवढीच पहिली तपासणी.

हीच चूक मराठीत करून बघा: "जमीन कोरडी, टणक आणि भेगा होत्या." कुणाही मराठी माणसाला हे वाक्य अडखळल्यासारखं वाटेल. "कोरडी, टणक आणि भेगाळलेली" म्हटलं की सुरळीत. तसंच "तिला पोहायला, वाचायला आणि स्वयंपाक आवडतो" असं आपण बोलत नाही, "पोहायला, वाचायला आणि स्वयंपाक करायला आवडतं" म्हणतो. मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेवटी येतात, त्यामुळं यादी म्हटली की शेवटाशी तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजतो, "ला, ला, ला" किंवा "णं, णं, णं". एकदा जरी तो चुकला तरी कान उभे राहतात. हा कान आपल्याला फुकटात मिळालाय, आणि इंग्रजी यादी वाचतानाही तो चालतो.

फक्त एका फरकाकडं लक्ष द्यायचं. मराठीत खुंटी मागं असते, इंग्रजीत पुढं. "लातूर, नांदेड आणि परभणी या जिल्ह्यांत" असं म्हणताना आपण "त" शेवटी एकदाच लावतो. इंग्रजी "इन" सुरुवातीलाच लावते: "इन लातूर, नांदेड अँड परभणी". एकदा लावलेला "इन" सगळ्यांना पुरतो. हवं तर तिघांनाही वेगवेगळा लावा, "इन लातूर, इन नांदेड अँड इन परभणी", तेही चालतं. पण "इन लातूर, नांदेड अँड इन परभणी" चालत नाही, कारण तिसऱ्याला स्वतःचा "इन" दिला आणि मधल्या नांदेडला उपाशी ठेवलं. क्रियापदाआधीच्या "टू"चंही तसंच. एक तर सगळ्यात आधी एकदाच, नाहीतर प्रत्येकाला.

फळ्यावरचं पहिलं वाक्य परीक्षेत असं येईल. अधोरेखित भाग: "हॅड क्रॅक्स एव्हरीव्हेअर".

(अ) हॅविंग क्रॅक्स एव्हरीव्हेअर
(ब) क्रॅक्ड एव्हरीव्हेअर
(क) इट हॅड क्रॅक्स एव्हरीव्हेअर
(ड) नो इम्प्रूव्हमेंट

(ड) तर गेलाच. (अ) खुंटीला अडकवून बघा: "द लँड वॉज हॅविंग क्रॅक्स". ड्राय आणि हार्ड हे गुण सांगणारे शब्द आहेत, त्यांच्या रांगेत हे बसत नाही. (ब) बसतो: वॉज ड्राय, वॉज हार्ड, वॉज क्रॅक्ड.

खरी कसोटी (क)वर लागते. "इट हॅड क्रॅक्स" हे स्वतंत्र वाक्य म्हणून शुद्ध आहे, म्हणून हुशार मुलंही तिथं अडकतात. "सर, ते वाक्य वेगळंच झालं ना, मग खुंटीचा प्रश्न कुठं येतो?" असं मला एका मुलीनं विचारलं होतं, आणि तिची शंका रास्त होती. उत्तर "अँड" मोजण्यात आहे. प्रत्येक यादीला स्वतःचा "अँड" लागतो. ड्राय आणि हार्ड या दोघांची यादी करायची असेल तर त्यांच्यामध्ये "अँड" हवा, आणि पुढचं वाक्य जोडायला आणखी एक "अँड" हवा: "द लँड वॉज ड्राय अँड हार्ड, अँड इट हॅड क्रॅक्स एव्हरीव्हेअर." हे वाक्य निर्दोष आहे. पण प्रश्नातल्या वाक्यात "अँड" एकच आहे, आणि "ड्राय, हार्ड" यांच्यामध्ये नुसता स्वल्पविराम. अधोरेखित नसलेल्या भागाला आपण हात लावू शकत नाही. म्हणजे यादी तिघांचीच आहे आणि तिसऱ्याला रांगेत उभं राहणं भाग आहे. उत्तर (ब).

"अँड" मोजायची सवय आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. शेवटी "इंग" असलेला प्रत्येक शब्द यादीतला नसतो. "शी स्टुड अॅट द गेट, वेटिंग फॉर द टँकर." इथं "स्टुड" आणि "वेटिंग" यांचे आकार वेगळे आहेत म्हणून काही जण "वेटेड" करायला जातात. पण इथं "अँड" नाहीच, म्हणजे यादीही नाही. "टँकरची वाट बघत ती फाटकाशी उभी होती" असा सरळ अर्थ आहे. आपण "बघत" म्हणतो तसं ते "वेटिंग". वाक्य बरोबर आहे.

उलट, आकार सारखा दिसला नाही म्हणजे चूक झाली, असंही नाही. "द जॉब नीड्स पेशन्स, प्लॅनिंग अँड अ लाउड व्हॉइस." एक भाववाचक शब्द, एक "इंग"वाला, एकात विशेषण. तरी वाक्य शुद्ध आहे, कारण तिन्ही नामं आहेत आणि तिन्ही "नीड्स"च्या खुंटीला बसतात. बघायचं ते काम, शेपूट नाही.

"नॉट ओन्ली... बट ऑल्सो" ही दोघांचीच यादी. तिच्यात लोक फार घोळ घालतात, खरं तर मराठी माणसानं घालायला नको. "ही नॉट ओन्ली ग्रोज सोयाबीन बट ऑल्सो तूर" हे चूक, कारण "नॉट ओन्ली"नंतर क्रियापद आलं आणि "बट ऑल्सो"नंतर नाम. "ही ग्रोज नॉट ओन्ली सोयाबीन बट ऑल्सो तूर" हे बरोबर. मराठीत हेच "तो सोयाबीनच नाही तर तूरही पेरतो" असं होतं. "च" कुठं चिकटला? सोयाबीनला. "ही" कुठं? तुरीला. ज्या शब्दाला "च" चिकटतो त्याच्या आधी "नॉट ओन्ली" ठेवा, ज्याला "ही" चिकटतो त्याच्या आधी "बट ऑल्सो". आपल्या भाषेनं हे दोन खिळे आधीच ठोकून दिलेत, इंग्रजी बोलणाऱ्याला ते स्वतः शोधावे लागतात.

इथपर्यंत कानाचं ऐकलं तर चालतं. आता ज्या ठिकाणी तोच कान आपल्याला फसवतो तिकडं जाऊ.

"आमच्या मायच्या हातचे धपाटे तुमच्या मेसपेक्षा भारी." हे वाक्य आमच्याकडं कुणीही बोलेल आणि ऐकणारा हसून मान हलवेल. धपाट्यांची तुलना मेसच्या इमारतीशी केली, असं कुणाच्या मनातही येणार नाही. "पेक्षा" लावला की मधला राहिलेला शब्द ऐकणारा स्वतःच भरतो: मेसमधल्या धपाट्यांपेक्षा. मराठी व्यवहारात ही सूट सर्रास चालते. "बीडचा पाऊस कोल्हापूरपेक्षा कमी", "नांदेडचं केळं जळगावपेक्षा गोड", "आमच्या रानातली माती तुमच्या रानापेक्षा काळी". सगळी वाक्यं धडधाकट वाटतात.

परीक्षेतलं इंग्रजी ही सूट देत नाही. तिथं "दॅन"च्या दोन बाजू म्हणजे तागडीची दोन पारडी. एका पारड्यात पाणी असेल तर दुसऱ्यातही पाणीच लागतं, विहीर टाकून चालत नाही. "द वॉटर ऑफ अवर वेल इज स्वीटर दॅन युवर वेल" म्हणजे पाणी विहिरीपेक्षा गोड. विहिरीला चव नसते. म्हणून दुसऱ्या पारड्यात पाणी ठेवायला हवं: "दॅन द वॉटर ऑफ युवर वेल". "वॉटर" पुन्हा म्हणणं इंग्रजीला जड जातं, म्हणून त्याच्या जागी "दॅट" उभा करतात: "दॅन दॅट ऑफ युवर वेल". नाम अनेकवचनी असेल तर "दोज".

गंमत अशी की "दॅन दॅट ऑफ" हे आपल्या कानाला बोलताना जीभ अडखळल्यासारखं वाटतं. म्हणजे बरोबर उत्तर खटकतं आणि चुकीचं गुळगुळीत लागतं. म्हणून तुलनेच्या प्रश्नात वाक्य "कसं वाटतंय" यावर मी मुलांना उत्तर देऊ देत नाही. त्याऐवजी एक तपासणी करायला लावतो, आणि तीही मराठीत.

वाक्याचं मराठी करा आणि "पेक्षा"च्या आधी पहिल्या बाजूचं नाम पुन्हा म्हणून बघा. "बीडचा पाऊस कोल्हापूरपेक्षा कमी" यात पाऊस पुन्हा घाला: "कोल्हापूरच्या पावसापेक्षा कमी". अर्थ तोच राहिला, उलट स्वच्छ झाला. म्हणजे इंग्रजीत "दॅट" किंवा "दोज" लागणार. आता "जायकवाडी मांजरापेक्षा मोठं आहे" हे घ्या. धरण पुन्हा घाला: "मांजराच्या धरणापेक्षा मोठं". इथं मांजरा हेच धरण आहे, मांजराकडं असलेली वस्तू नाही. धरणाची तुलना धरणाशीच चाललीय, दोन्ही पारडी आधीच जुळलेली आहेत. इंग्रजीत "जायकवाडी इज बिगर दॅन मांजरा" पुरतं. थोडक्यात, "पेक्षा"आधी "च्या" लावून एखादी मालकीची गोष्ट परत आली तरच "दॅट ऑफ"ची गरज आहे.

ही तपासणी सर्वनामांवर विशेष करायची. "माझा पगार तुझ्यापेक्षा जास्त आहे" यात "तुझ्या"मध्ये मालकी आधीच मिसळलेली दिसते, त्यामुळं काही राहिलंय असं जाणवतच नाही. पण "तू माझ्यापेक्षा उंच" यातही तोच "माझ्या" आहे, आणि तिथं मालकीचा काही संबंध नाही. मराठीत "पेक्षा"आधी माणसाबद्दलचं सर्वनाम बहुधा हेच रूप घेतं, ते मालकी सांगत असो वा नसो. म्हणून आमची पोरं सरळ लिहितात, "माय सॅलरी इज मोर दॅन यू." पगार पुन्हा म्हणून बघा: "तुझ्या पगारापेक्षा". म्हणजे "दॅन यू" नाही, "दॅन युवर्स".

आता एक पूर्ण प्रश्न सोडवू. "द स्टोरेज कपॅसिटी ऑफ जायकवाडी इज मच ग्रेटर दॅन मांजरा." अधोरेखित भाग: "दॅन मांजरा".

(अ) दॅन दोज ऑफ मांजरा
(ब) दॅन दॅट ऑफ मांजराज
(क) दॅन दॅट ऑफ मांजरा
(ड) नो इम्प्रूव्हमेंट

वाक्य खरं आहे. पैठणचं जायकवाडी आणि लातूरला पाणी देणारं मांजरा यांच्या साठ्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते ज्यांना आठवतं त्यांना हे सांगायला नको. पण वाक्य खरं असणं वेगळं आणि शुद्ध असणं वेगळं. परीक्षेत कितीतरी जण अर्थ पटला म्हणूनच "नो इम्प्रूव्हमेंट" निवडतात.

तपासणी करू. पहिल्या पारड्यात काय आहे? जायकवाडी नाही, कपॅसिटी. "जायकवाडीची क्षमता मांजराच्या क्षमतेपेक्षा जास्त." क्षमता परत आली, म्हणजे (ड) गेला. क्षमता एकवचनी, म्हणजे "दोज" असलेला (अ) गेला. इथं एक सापळा असतो. वाक्य "द कॅनल्स ऑफ जायकवाडी" असं सुरू झालं असतं तर कालवे अनेक म्हणून "दोज" लागला असता. घाईत शेजारचा शब्द बघून वचन ठरवायचं नाही, पारड्यातला शब्द बघायचा.

राहिले (ब) आणि (क). (ब) मध्ये "ऑफ" पण आहे आणि शेवटचा मालकीचा "ज" पण. "मांजराच्याची" म्हटल्यासारखं झालं. मालकी एकदाच दाखवायची: "दॅट ऑफ मांजरा" किंवा नुसतं "मांजराज". दोन्ही शुद्ध, दोन्ही एकत्र अशुद्ध. ज्या मुलांनी "दॅट ऑफ"चा नियम नुकताच पाठ केलेला असतो, ती याच पर्यायावर सगळ्यात जास्त घसरतात, कारण त्यात "दॅट ऑफ" दिसतो आणि हात थांबत नाही. त्याच घाईतून "माय हाउस इज बिगर दॅन दॅट ऑफ युवर्स" येतं. "युवर्स"मध्ये घर आधीच आहे, तिथं "दॅट ऑफ" उपरा. उत्तर (क).

प्रत्येक वेळी "ऑफ"च येईल असंही नाही. पहिल्या बाजूला "इन" असेल तर दुसऱ्या बाजूलाही "इन": "द रेनफॉल इन बीड इज लोअर दॅन दॅट इन कोल्हापूर." हेच वाक्य फिरवूनही लिहिता येतं: "रेनफॉल इज लोअर इन बीड दॅन इन कोल्हापूर." इथं "दॅट" नाही, तरी वाक्य शुद्ध आहे. आता तागडीत पाऊस नाहीच, "बीडमध्ये" आणि "कोल्हापुरात" हे दोन तुकडे तोलले जातायत. दोघांनाही "इन" आहे, पारडी समान. त्या दुसऱ्या "इन"ला खाली पाडलं, "लोअर इन बीड दॅन कोल्हापूर" केलं, की परीक्षक पकडतो.

तुलनेचा सगळ्यात वाईट सापळा म्हणजे ज्यात "दॅन" नसतोच. वाक्य "अनलाइक"नं किंवा "लाइक"नं सुरू होतं आणि तुलना चाललीय हे आपल्या लक्षातच येत नाही. "अनलाइक लातूर, द समर्स ऑफ महाबळेश्वर आर कूल." अधोरेखित भाग स्वल्पविरामानंतरचा सगळा.

(अ) दोज ऑफ महाबळेश्वर समर्स आर कूल
(ब) महाबळेश्वर हॅज कूल समर्स
(क) द समर ऑफ महाबळेश्वर इज कूल
(ड) नो इम्प्रूव्हमेंट

मराठीत "लातूरसारखे नाहीत, महाबळेश्वरचे उन्हाळे थंड असतात" हे बिनतक्रार खपतं. इंग्रजीत "अनलाइक"नंतरचा शब्द आणि स्वल्पविरामानंतरचा पहिला कर्ता ही दोन पारडी. एकात लातूर, दुसऱ्यात उन्हाळे. जुळत नाहीत.

आता नुकताच शिकलेला उपाय वापरायचा मोह होतो, की "अनलाइक दोज ऑफ लातूर" करावं. व्याकरणानं ते अगदी बरोबर होईल. पण "अनलाइक लातूर" अधोरेखित नाही, तिकडं हात लावायला बंदी आहे. एक पारडं परीक्षकानं गच्च बांधून ठेवलंय. मग दुसऱ्या पारड्यातला माल बदलायचा, म्हणजे तिथंही गावच ठेवायचं. (ब) तेच करतो: अनलाइक लातूर, महाबळेश्वर. गावाशी गाव. (क) नं फक्त वचन बदललं, माल तोच ठेवला, आणि (अ) नं "दोज" नको तिथं कोंबला. उत्तर (ब), ज्यात "दॅट" नाही, "दोज" नाही, "ऑफ" नाही. "तुलना म्हणजे दॅट ऑफ" असं पाठ केलेल्याला हे उत्तर दिसतच नाही. म्हणून अशा प्रश्नात पर्याय वाचायच्या आधी मी मुलांना एकच गोष्ट बघायला सांगतो, की बांधलेलं पारडं कोणतं.

"एनी" आणि "एनी अदर" यांच्यातला फरक याच घरातला आहे. "जायकवाडी इज बिगर दॅन एनी डॅम इन मराठवाडा" हे परीक्षेत चूक, कारण जायकवाडी स्वतः मराठवाड्यातच आहे आणि वाक्याचा शब्दशः अर्थ ते स्वतःपेक्षाही मोठं आहे असा होतो. "एनी अदर डॅम" हवं. तेच "दॅन एनी डॅम इन विदर्भ" म्हटलं तर "अदर" घालायचा नाही, जायकवाडी त्या गोतावळ्यात नाहीच. मराठीत आपण "मराठवाड्यातल्या कुठल्याही धरणापेक्षा" बिनधास्त म्हणतो, "इतर" गाळला तरी कुणी हटकत नाही. पुन्हा तीच सूट.

ही सूट इंग्रजीत कुणीच घेत नाही असं समजू नका. बोलताना इंग्रज माणूसही सैल बोलतो. "सोयाबीन प्राइसेस आर लोअर दॅन लास्ट इयर" अशा बातम्या इंग्रजी पेपरात सर्रास छापून येतात. काट्याच्या तागडीत घातलं तर एका पारड्यात भाव आणि दुसऱ्यात वर्ष आहे. पर्यायांत "दॅन लास्ट इयर्स" किंवा "दॅन दे वेअर लास्ट इयर" असेल तर तो घ्यावा. तसा पर्यायच नसेल आणि बाकीचे तिन्ही वेगळ्याच चुकांनी भरलेले असतील, तर परीक्षकाचा डोळा इथं नव्हताच असं समजून "नो इम्प्रूव्हमेंट" निवडावं. हे व्याकरण नाही, परीक्षेचा व्यवहार आहे, आणि वर्गात मी ते तसं स्पष्ट सांगतो.

धपाट्यांचं ते वाक्य मी आता दर बॅचला पहिल्याच दिवशी इंग्रजीत करायला देतो. "माय मदर्स धपाटे आर बेटर दॅन युवर मेस" हे सगळ्यात आधी येतं. मग कुणीतरी "दॅन दोज ऑफ युवर मेस" म्हणतं. मागच्या बॅचला एक पोरगी उठून म्हणाली, "सर, दॅन दोज ऑफ युवर मेसेस." मी विचारलं, मेस किती आहेत? म्हणाली, "मेस एकच हाय, पण तिची मालकी दोनदा दाखवली ना मी." स्वतःच हसली आणि खाली बसली.